१३३ बाइटांची पावती : गिट आणि जड फाइली

प्रोग्रामच्या मजकुरात वेळोवेळी होणाऱ्या बदलांचा इतिहास जपणारी गिट ही प्रणाली लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या विकासासाठी लिहिली, आणि तिची सगळी घडण त्या गाभ्यात असणाऱ्या सामग्रीला, म्हणजे हजारो लहान लहान मजकुरी फाइलींना, साजेशी आहे. ज्या संग्रहात अशा फाइली आणि त्यांचा इतिहास राहतो त्याला रेपॉझिटरी म्हणतात, बदलांची एकेक नोंद म्हणजे कमिट, आणि संपूर्ण रेपॉझिटरीची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घेणे म्हणजे क्लोन. या तिन्ही संकल्पनांच्या मुळाशी एक ठाम गृहीतक आहे : प्रत्येक क्लोन परिपूर्ण असतो, म्हणजे आजच्या फाइलींबरोबर त्यांची पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक आवृत्तीही त्यात येते. मजकुराच्या बाबतीत हे गृहीतक वरदान ठरते, कारण जाळे बंद असतानाही जुनी आवृत्ती पाहता येते आणि मुख्य सर्व्हर नष्ट झाला तरी कोणाच्याही संगणकावरून सगळे काम पुन्हा उभे करता येते. चित्रे, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती, त्रिमितीय प्रतिमाने अशा बायनरी फाइली, म्हणजे ज्यांतील बाइट अक्षरे म्हणून वाचता येत नाहीत अशा फाइली, त्याच रेपॉझिटरीत आल्या की मात्र हेच गृहीतक जाचक होऊ लागते.

हा जाच नेमका कसा वाढतो हे एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणावरून पाहता येईल. एका सचित्र पुस्तकाची निर्मिती गिटमध्ये चालू आहे आणि त्यात `mukhaprushtha.png` नावाचे मुखपृष्ठाचे चित्र आहे, असे समजू. छपाईच्या दर्जाचे असल्यामुळे ते ४० मेगाबाइटांचे, म्हणजे संगणकाच्या हिशेबाने ४,१९,४३,०४० बाइटांचे आहे. चित्रकाराने कधी आकाशाचा रंग बदलला, कधी शीर्षकाची जागा हलवली, आणि अशा पंचवीस आवृत्त्या कमिट झाल्या. गिट प्रत्येक आवृत्तीतील आशयावरून गणिती पद्धतीने एक ठसा काढते, त्या ठशालाच त्या आशयाचे नाव देते आणि तो आशय एक स्वतंत्र वस्तू म्हणून साठवते; अशा वस्तूला ब्लॉब म्हणतात. पंचवीस वेगळे आशय म्हणजे पंचवीस ब्लॉब, आणि त्यांचा एकत्रित भार जवळजवळ १,००० मेगाबाइट. प्रकल्पात नव्याने येणाऱ्या मुद्रितशोधकाला केवळ एक प्रकरण तपासायचे असले, तरी क्लोन करताना हा सगळा भार त्याच्या संगणकावर उतरतो. सव्विसाव्या कमिटमध्ये ते चित्र काढून टाकले तरी हा भार एका बाइटनेही कमी होत नाही, कारण काढून टाकणे हीसुद्धा इतिहासातली एक नवी नोंदच असते आणि आधीच्या पंचवीस नोंदी जागच्या जागी राहतात.

येथे असा प्रश्न उभा राहतो की मजकुरी फाइलींच्या शेकडो आवृत्त्या असूनही रेपॉझिटरी फुगत कशी नाही. गिट सवडीने आपल्या वस्तूंची बांधाबांध करते, आणि त्या वेळी एकमेकांशी साम्य असलेल्या ब्लॉबांपैकी एक पूर्ण ठेवून बाकीच्यांचा त्याच्याशी असलेला फरक तेवढा नोंदवते. या फरकाला डेल्टा म्हणतात. दहा हजार ओळींच्या फाइलीत एक शब्द बदलला तर डेल्टा काही बाइटांचाच असतो. पीएनजी चित्रात ही युक्ती सहसा चालत नाही, आणि त्याचे कारण चित्राच्या आकारात नसून त्याच्या बांधणीत आहे. पीएनजीमधील रंगबिंदूंची माहिती आधीच दाबून बसवलेली असते, आणि दाबताना वारंवार येणाऱ्या चिन्हांना कमी बिट व क्वचित येणाऱ्यांना जास्त बिट दिले जात असल्यामुळे ती चिन्हे बाइटांच्या सीमा न पाळता एकामागून एक चिकटून बसतात. चित्राच्या वरच्या भागात थोडा रंग बदलला आणि तेथे तीन बिट जास्त लागले, तर त्यापुढची संपूर्ण रांग तीन बिटांनी सरकते. खालचा भाग डोळ्यांना तसाच दिसत असला तरी फाइलीतला त्याचा जवळजवळ प्रत्येक बाइट बदललेला असतो. गिटच्या दृष्टीने मग दोन आवृत्त्यांत साम्यच उरत नाही. जेपीईजी, एमपी४ आणि झिप यांसारख्या दाबलेल्या फाइलींची गत कमीअधिक अशीच होते. शिवाय फार मोठ्या फाइलींसाठी डेल्टा शोधताना स्मृती अपुरी पडेल म्हणून गिट ५१२ मेगाबाइटांहून मोठ्या फाइलींच्या बाबतीत हा प्रयत्नच मूलतः करत नाही.

रेपॉझिटरी ठेवून घेणाऱ्या सेवांनी म्हणून आपापल्या मर्यादा घातल्या आहेत. गिटहब ५० मेगाबाइटांहून मोठी फाइल आली की इशारा देते आणि १०० मेगाबाइटांपुढची फाइल नाकारते. याच गिटहबने २०१५ मध्ये लार्ज फाइल स्टोरेज, संक्षेपाने एलएफएस, हे गिटला जोडून चालणारे मुक्त साधन पुढे आणले आणि आज ते इतर सेवांतही चालते. त्याची मूळ कल्पना धान्याच्या गोदामातील व्यवहारासारखी आहे : पोती गोदामात राहतात आणि हातोहात फिरते ती पावती. एलएफएसमध्ये जड फाइल वेगळ्या भांडारात जाते, आणि गिटच्या इतिहासात तिच्या जागी पुढीलप्रमाणे तीन ओळींची पॉइंटर फाइल बसते.

```
version https://git-lfs.github.com/spec/v1
oid sha256:4d7a214614ab2935c943f9e0ff69d22eadbb8f32b1258daaa5e2ca24d17e2393
size 41943040
```

पहिली ओळ पावतीचा नमुना कोणता ते सांगते, दुसरीत मूळ आशयाचा चौसष्ट अक्षरी ठसा असतो आणि तिसरीत त्याचा आकार. ओळींअखेरची चिन्हे धरून या पावतीचे बाइट मोजले तर ते १३३ भरतात. पंचवीस आवृत्त्यांच्या पंचवीस पावत्या मिळून साडेतीन हजार बाइटांच्याही आत राहतात, आणि गिटला आता एवढेच वाहावे लागते.

ही अदलाबदल वापरणाऱ्याच्या नकळत व्हावी यासाठी एलएफएस गिटमध्ये पूर्वीपासून असलेल्या फिल्टर या सोयीचा उपयोग करते. फिल्टर म्हणजे फाइल गिटमध्ये शिरताना आणि गिटमधून बाहेर पडताना तिच्यावर चालवला जाणारा छोटा प्रोग्राम. `git add` करताना क्लीन नावाचा फिल्टर चित्राचा ठसा काढतो, मूळ चित्र `.git/lfs/objects` या फोल्डरात त्या ठशाच्या नावाने ठेवतो आणि गिटच्या हाती पावती देतो. उलट, एखादी आवृत्ती कामाच्या फोल्डरात मांडताना स्मज नावाचा फिल्टर पावती वाचून तिच्या जागी खरे चित्र आणून ठेवतो. काम सर्व्हरकडे पाठवताना, म्हणजे पुश करताना, एक हुक आधी चालतो; हुक म्हणजे ठरावीक प्रसंगी गिट आपोआप चालवते ती आज्ञावली. हा हुक भांडारात नसलेली चित्रे तेथे पोहोचवतो आणि त्यानंतरच कमिट पुढे जातात. या क्रमामुळे ठेव जमा होण्याआधी पावती प्रसृत होण्याची वेळ सहसा येत नाही.

मुद्रितशोधकाने आता क्लोन केला तर त्याच्याकडे पंचवीस पावत्या आणि फक्त चालू आवृत्तीचे ४० मेगाबाइटांचे चित्र येते. मात्र एलएफएसने भार घटवलेला नसून तो कोणी, कधी आणि किती उचलायचा एवढेच बदललेले आहे, हे विसरले की पुढचे बहुतेक गैरसमज सुरू होतात. भांडारात पंचवीस आवृत्त्यांचे १,००० मेगाबाइट पूर्वीइतकेच साठलेले असतात, कारण एलएफएस दोन आवृत्त्यांतला फरक शोधतच नाही आणि एका रंगबिंदूच्या बदलालाही नवे ४० मेगाबाइट मोजते. कामाच्या फोल्डरात एक आणि `.git/lfs/objects` मध्ये एक अशा चालू चित्राच्या दोन प्रती असल्यामुळे स्वतःच्या डिस्कवरही दुप्पट जागा जाते. आणि भांडार देणाऱ्या सेवा साठ्याबरोबर उतरवून घेतलेल्या माहितीचेही मोजमाप ठेवतात; प्रत्येक बदलानंतर आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रणा दर वेळी कोऱ्या संगणकावर नवा क्लोन करत असेल, तर ठरलेला कोटा माणसांपेक्षा तीच लवकर संपवते. अशा ठिकाणी `GIT_LFS_SKIP_SMUDGE=1` ही खूण देऊन केवळ पावत्या घेता येतात आणि लागतील तेवढीच चित्रे नंतर मागवता येतात.

मांडणी सोपी आहे, पण तिचा क्रम पाळावा लागतो.

```
git lfs install
git lfs track "*.png"
git add .gitattributes
git add mukhaprushtha.png
```

पहिली आज्ञा त्या संगणकावर फिल्टर बसवते आणि ती प्रत्येक सहकाऱ्याने आपापल्या संगणकावर एकदा द्यावी लागते. दुसरीमुळे `.gitattributes` या फाइलीत कोणत्या नावाच्या फाइली एलएफएसकडे जातील याचा नियम लिहिला जातो. नमुन्याभोवतीचे अवतरणचिन्ह गाळले तर आज्ञा वाचणारे कवचच तारकेचा अर्थ लावून त्या क्षणी फोल्डरात असलेल्या फाइलींची नावे नियमात घालते, आणि पुढे येणारी चित्रे नियमाबाहेर राहतात. `*.png` हा नमुनाही विचारपूर्वक वापरण्याजोगा आहे, कारण त्याच्या कचाट्यात काही किलोबाइटांची बोधचिन्हेही सापडतात आणि त्या प्रत्येकासाठी भांडाराकडे वेगळी फेरी पडते. मोठी चित्रे एका फोल्डरात ठेवून नियम त्या फोल्डरापुरता लिहिणे अधिक शहाणपणाचे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे हा नियम उशिरा लिहिणे. मुखपृष्ठाच्या पंचवीस आवृत्त्या कमिट झाल्यावर कोणी `git lfs track` केले, तर सव्विसाव्या आवृत्तीपासून पावत्या बनू लागतात, पण आधीचे १,००० मेगाबाइट गिटच्या इतिहासात तसेच राहतात आणि क्लोन पूर्वीइतकाच जड राहिल्याचे पाहून एलएफएस चालत नसल्याचा निष्कर्ष काढला जातो. गिटच्या पोटात चित्र आहे की पावती, हे पुढील आज्ञेने नक्की कळते.

```
git cat-file -s HEAD:mukhaprushtha.png
```

ही आज्ञा गिटने त्या नावाखाली साठवलेल्या ब्लॉबचा आकार सांगते. उत्तर १३३ आले तर तेथे पावती आहे, आणि ४१९४३०४० आले तर चित्र सगळेच्या सगळे गिटमध्ये गेलेले आहे. ज्याच्या संगणकावर एलएफएस बसवलेले नाही अशा सहकाऱ्याने चित्र बदलून पुश केले तरी हाच दुसरा आकडा दिसतो, आणि इतरांच्या पडद्यावर येथे पॉइंटर हवा होता पण तो नाही, अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते. याच्या नेमकी उलट बाजू म्हणजे चित्र उघडायला जावे तर ते बिघडल्याची तक्रार प्रोग्रामने करावी. फाइलीचा आकार सव्वाशे-दीडशे बाइट दिसला आणि ती साध्या मजकूर-संपादकात उघडल्यावर पावतीच्या तीन ओळी आढळल्या, तर चित्र बिघडलेले नसून आलेलेच नाही, आणि `git lfs pull` दिल्यावर ते येते.

जुना भार खरोखर काढायचा तर इतिहास नव्याने लिहावा लागतो. त्यासाठी आधी `git lfs migrate info --everything` देऊन कोणत्या प्रकारच्या फाइलींनी किती जागा घेतली आहे ते पाहावे, आणि मग पुढील आज्ञा द्यावी.

```
git lfs migrate import --everything --include="*.png"
```

ही आज्ञा सर्व शाखांतील प्रत्येक कमिट उघडून त्यातील चित्राच्या जागी पावती ठेवते. कमिटचे नाव त्याच्या आशयावरून आणि त्याच्या आधीच्या कमिटच्या नावावरून ठरत असल्यामुळे, पहिल्या बदललेल्या कमिटपासून पुढच्या सर्व कमिटांची नावे बदलतात आणि नवा इतिहास सर्व्हरवर सक्तीने पुश करावा लागतो. खरा धोका त्यानंतर असतो. जुना क्लोन बाळगून असलेल्या एकाही सहकाऱ्याने आपले काम नव्या इतिहासात मिसळून पाठवले, तर जुने कमिट आणि त्यांच्याबरोबर ते १,००० मेगाबाइट परत येतात. म्हणून अशा फेरलेखनाचा दिवस आधी ठरवून, सर्वांचे अपुरे काम पुश करून घेऊन, नंतर प्रत्येकाने जुना क्लोन टाकून नवा घ्यावा, हीच रीत सुरक्षित आहे. दोन-तीन माणसांच्या प्रकल्पात हे एका दुपारचे काम असते, पण शेकडो जणांच्या प्रकल्पात ते टाळून जुना भार सोसणेही पुष्कळदा समंजसपणाचे ठरते.

बायनरी फाइलींची आणखी एक अडचण आकाराशी संबंधित नाही. दोघांनी एकाच मजकुरात वेगवेगळ्या ठिकाणी बदल केले तर गिट ते एकत्र करू शकते. दोघांनी एकाच चित्रावर रंगकाम केले तर एकाचे काम टाकून द्यावे लागते. यासाठी एलएफएसमध्ये कुलपाची सोय आहे : नियम लिहिताना `--lockable` असे जोडले तर ती चित्रे कामाच्या फोल्डरात फक्त वाचण्याजोगी राहतात, आणि `git lfs lock mukhaprushtha.png` देऊन कुलूप आपल्या नावावर घेतल्यावरच त्यांत बदल करता येतो. ग्रंथालयातून पुस्तक नावावर घेण्याचीच ही पद्धत असून, ती पाळायची तर कुलपाची नोंद ठेवणारा एकच मध्यवर्ती सर्व्हर मानावा लागतो.

गिटचे परिपूर्ण क्लोनचे वचन एलएफएसमध्ये मोडते, आणि हलकेपणाची ही किंमत बॅकअपच्या वेळी सर्वांत महाग पडते. `git clone --mirror` ही आज्ञा रेपॉझिटरीची हुबेहूब प्रत काढण्यासाठी वापरली जाते, पण एलएफएस असलेल्या रेपॉझिटरीवर ती चालवली तर पंचवीसही पावत्या मिळतात आणि चित्र एकही मिळत नाही. अशा प्रतीवर विसंबून मूळ भांडार बंद केले गेले, तर हाती फक्त ठसे राहतात, आणि ठशावरून चित्र पुन्हा काढण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणून प्रत काढल्यानंतर तिच्या आत जाऊन `git lfs fetch --all` देणे आवश्यक आहे; त्याने सर्व आवृत्त्यांची चित्रे उतरतात, आणि पुढे `git lfs fsck` चालू आवृत्तीच्या चित्राचा ठसा पावतीशी पडताळून पाहते.

ठेव कोठे कोठे आहे हा प्रश्न मध्यवर्ती मानून रचलेले साधन म्हणजे जोई हेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेले गिट-अ‍ॅनेक्स. त्यातही गिटच्या इतिहासात आशयाऐवजी त्याची खूण जाते, पण ‘कोणत्या फाइलीची प्रत कोणत्या ठिकाणी आहे’ याची वहीच एका स्वतंत्र शाखेत ठेवली जाते, आणि ते ठिकाण घरातली बाहेरची डिस्क, संस्थेचा सर्व्हर किंवा भाड्याचे भांडार यांपैकी काहीही असू शकते. `git annex drop` देऊन आपल्याकडची प्रत काढायला गेले, तर ठरवून दिलेल्या संख्येइतक्या प्रती इतरत्र खरोखर आहेत का हे ते आधी तपासते आणि नसतील तर काढण्यास नकार देते. संशोधन-सामग्रीचे मोठे संच अनेक संस्थांत विखुरलेले असतात तेथे ही शिस्त फार मोलाची ठरते; मेंदूविज्ञानात वापरले जाणारे डेटालॅड हे साधन याच पायावर उभे आहे. मात्र गिट-अ‍ॅनेक्स वापरणाऱ्याला ही व्यवस्था समजून घ्यावी लागते, आणि चित्रकाराला न शिकवता त्याच्या हाती देण्याजोगे ते नाही. त्या कामी एलएफएसचा नकळत चालणारा फिल्टरच उजवा.

आता गिटने स्वतःच आंशिक क्लोनची सोय दिली आहे.

```
git clone --filter=blob:limit=1m <पत्ता>
```

असे केल्यास एक मेगाबाइट आणि त्याहून मोठे ब्लॉब क्लोनच्या वेळी मागे ठेवले जातात आणि एखादी आवृत्ती मांडताना लागतील तेव्हाच सर्व्हरकडून आणले जातात. यात पावत्या नाहीत, वेगळे भांडार नाही, इतिहासाचे फेरलेखनही नाही, आणि चित्रे आधीच गिटमध्ये जाऊन बसलेल्या प्रकल्पात मुद्रितशोधकाची सुटका करण्याचा हा सर्वांत कमी उपद्रवाचा उपाय आहे. पण सर्व्हरवरची रेपॉझिटरी जड ती जडच राहते, सेवेची १०० मेगाबाइटांची मर्यादा कायम असते, सर्व्हरने ही सोय चालू ठेवलेली असावी लागते, आणि जाळे बंद असताना जुने चित्र उघडता येत नाही.

चाळीस मेगाबाइटांच्या फाइलीतला छोटा बदल छोट्या जागेत साठवण्याचा प्रश्न या तिन्ही मार्गांनी सुटत नाही. त्यासाठी फाइलीचे आशयावरून सीमा ठरवलेले तुकडे पाडून प्रत्येक वेगळा तुकडा एकदाच साठवण्याची पद्धत आहे. यंत्रशिक्षणाची अनेक गिगाबाइटांची प्रतिमाने आधी एलएफएसवर ठेवणाऱ्या हगिंग फेस या कंपनीने २०२४ मध्ये झेटहब ही कंपनी घेतली आणि तिच्या याच पद्धतीकडे आपले भांडार वळवले. न दाबलेल्या फाइलींत या पद्धतीने मोठी बचत होते, कारण बदल जिथे झाला तेवढेच तुकडे नवे ठरतात. मुखपृष्ठाच्या पीएनजीला मात्र तिचाही उपयोग थोडाच, कारण तीन बिटांनी सरकलेल्या रांगेत जुना तुकडा ओळखू येत नाही. चित्रकाराने आपले काम न दाबलेल्या टिफ स्वरूपात ठेवले आणि पीएनजी छपाईपूर्वी त्यातून काढून घेतले, तर फाइल एकेकटी मोठी होईल, पण पंचवीस आवृत्त्यांतले न बदललेले भाग भांडारात एकदाच साठतील.